व्हिडिओ की फोटो? दोन जाहिरातींची सरळ चाचणी आणि 32 ऑर्डरींचे अंतर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरगुती काजू व्यवसायाच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती मी सांभाळतो. माल वाळपईच्या बाजूचा, गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचे. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही दोन जाहिराती समोरासमोर उभ्या केल्या. एक व्हिडिओ होता: भाजलेला काजू फोडणारे हात, साल सुटतानाचा आवाज, मागे परसातला पाऊस. दुसरा साधा फोटो: सालीच्या काजूंचे अर्ध्या किलोचे पाकीट, बाजूला वाटीत ओतलेले काजू आणि वर ठळक किंमत.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला हा व्यवसाय चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. "दादा, व्हिडिओच्या तेरा ऑर्डरी, फोटोच्या सात. जवळजवळ दुप्पट! फोटो बंद करू ना? उगीच पैसे जातायत."

मी म्हटले, "ताई, हात लावू नका. अजून काहीच कळलेले नाही."

त्यांना ते पटले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तेरा आणि सात हे आकडे डोळ्यांना खरोखरच स्पष्ट दिसतात. पण एक नाणे 20 वेळा उडवून पाहा. नाणे अगदी सरळ असले तरी साधारण चार वेळांतून एकदा 13–7 किंवा त्याहून वाकडा निकाल येतो. म्हणजे दोन्ही जाहिराती तंतोतंत सारख्या असत्या, तरी चारांतून एकदा आपण याच फोनवर याच सुरात बोलत असतो. पुढे त्या चाचणीचा निकाल नेमका उलटा लागला. तिथपर्यंत कसे पोचलो, ते या लेखात क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न एका ओळीत लिहा

चाचणी सुरू करण्याआधी ताईंच्या ऑर्डरीच्या वहीत मी एक वाक्य लिहून घेतले: "सारखेच पैसे खर्च केले तर व्हिडिओ जास्त गिऱ्हाईक आणतो की फोटो?" या वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

"सारखेच पैसे" म्हटल्यामुळे हिशेब फार सोपा होतो. दोन्ही बाजूंचा खर्च एक असला की टक्केवारी काढायची गरजच उरत नाही, फक्त दोन्हीकडची गिऱ्हाइके मोजायची. "गिऱ्हाईक" म्हटले, क्लिक नाही आणि लाईक तर नाहीच. आणि "ऑर्डरी" न म्हणता "गिऱ्हाईक" म्हणण्यालाही कारण आहे. एखादी व्यक्ती घरासाठी, मग ऑफिसात वाटायला, मग बहिणीसाठी अशा तीन ऑर्डरी देते. तिन्ही मोजल्या तर एकाच माणसाचे मत तीनदा मोजल्यासारखे होते. पुढे मी बोलण्याच्या सवयीने ऑर्डरी म्हणेन, पण मोजताना एका फोन नंबराची एकच ऑर्डर धरायची.

कोणती ऑर्डर धरायची तेही तेव्हाच ठरवावे. माल पोचल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरी घेत असाल तर त्यातल्या काही दारातून परत येतात, आणि कुठल्या जाहिरातीच्या जास्त परत येतील ते आधी सांगता येत नाही. आम्ही फक्त आगाऊ पैसे आलेल्या ऑर्डरी धरल्या. नियम कोणताही चालेल. तो आकडे दिसायच्या आधी ठरलेला असावा, एवढेच.

क्लिक का मोजू नयेत, याचा पुरावा या चाचणीतच मिळाला, तो शेवटाकडे येईल.

फरक किती मोठा हवा आणि त्यासाठी किती ऑर्डरी लागतील

बहुतेक जण इथे चुकतात. "किती दिवस चालवू?" असा प्रश्न येतो. खरा प्रश्न दिवसांचा नसतो, ऑर्डरींचा असतो. लाखभर लोकांनी जाहिरात पाहिली आणि ऑर्डरी 20 आल्या, तर आपल्या हाती 20 ऑर्डरींचीच माहिती असते.

किती ऑर्डरी लागतील ते तुम्हाला केवढा फरक पकडायचा आहे यावर ठरते. एक जाहिरात दुसरीच्या किती पट आहे त्या आकड्याला r म्हणू. दोन्ही बाजू मिळून लागणाऱ्या ऑर्डरींचा अंदाज असा निघतो:

```
N = 8 × ((r + 1) / (r − 1))²
```

हे सूत्र धरून चालते की खरोखरच तेवढा फरक असेल तर दहांतून आठ वेळा तो सापडावा, आणि फरक नसताना खोटा विजेता वीसांतून एकदाच निघावा. आता आकडे घालून बघू. एक जाहिरात दुसरीच्या दुप्पट चांगली असेल तर दोन्ही मिळून 72 ऑर्डरींत काम होते. दीडपट असेल तर 200 लागतात. सव्वापट असेल तर 648. आणि फरक फक्त दहा टक्क्यांचा असेल तर 3,528.

हे आकडे ताईंना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. आधीच्या जाहिरातींवरून त्यांना एका ऑर्डरीमागे साधारण 150 रुपये जाहिरात खर्च येतो हे माहीत होते. म्हणजे दीडपट फरक शोधायला 30,000 रुपये, सव्वापट शोधायला 97,000 आणि दहा टक्क्यांचा फरक शोधायला सव्वापाच लाखांच्या वर. त्यांचा पूर्ण वर्षाचा जाहिरात खर्चही तेवढा नाही.

यातून छोट्या व्यवसायासाठी एक थेट गोष्ट निघते. बटणाचा रंग, मथळ्यातला एखादा शब्द, पाकीट डावीकडे की उजवीकडे, असल्या चाचण्या आपल्यासाठी नाहीत. त्यांनी फरक पडला तरी तो पाच-दहा टक्क्यांचा असतो आणि तो दिसण्याइतक्या ऑर्डरी आपल्याकडे येतच नाहीत. आपण मुळात वेगळ्या कल्पना लढवायच्या: काम करणारे हात विरुद्ध किमतीसह पाकीट, आजीची गोष्ट विरुद्ध दिवाळीच्या भेटीचा डबा. मोठा फरक पडण्याची शक्यता जिथे आहे तिथेच थोड्या ऑर्डरींत उत्तर मिळते.

आम्ही r दीड धरला आणि वहीत लिहिले: N = 200.

एवढ्याही ऑर्डरी परवडत नसतील तर एक पायरी अलीकडची कृती मोजता येते, म्हणजे माल कार्टमध्ये टाकणे किंवा व्हॉट्सअॅपवर विचारणा करणे. त्या संख्येने जास्त येतात, त्यामुळे N लवकर भरतो. पण मग निकालही विचारणांचाच लागतो. विचारणा भरपूर आणि विक्री नाही, असे होऊ शकते. मी हा मार्ग नाइलाज असेल तरच घेतो, आणि कधीही क्लिकपर्यंत खाली उतरत नाही.

लोक वाटायचे, दिवस किंवा शहरे नाहीत

आपल्याकडे म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. एखाद्याने नवीन पाटी शुक्रवारी लावली, जुनी मंगळवारी लावली आणि म्हटले की नव्या पाटीने विक्री वाढवली, तर बाजारातला कोणीही हसेल. जाहिरातीत मात्र शहाणी माणसेही हेच करतात: हा आठवडा व्हिडिओ, पुढचा आठवडा फोटो. मधे पगाराची एक तारीख येते, चतुर्थी जवळ येते, एखाद्या आठवड्यात पावसाने कुरिअर अडकते. मग फरक जाहिरातीचा होता की आठवड्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही. पुण्याला व्हिडिओ आणि मुंबईला फोटो, यातही तोच दोष आहे.

दोन्ही जाहिराती एकाच वेळी, एकाच प्रकारच्या लोकांत चालल्या पाहिजेत आणि कोणाला कोणती दिसेल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले पाहिजे. शिवाय एका माणसाला एकच दिसली पाहिजे. नाहीतर व्हिडिओ बघून मन तयार झालेला माणूस दोन दिवसांनी फोटोवर क्लिक करतो आणि श्रेय फोटोला जाते.

ही वाटणी हाताने करता येत नाही. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, Ads Manager मध्ये त्यासाठी `A/B test` ची सोय आहे, आणि `Experiments` या भागातूनही ती लावता येते. ती लोकांचे दोन गट पाडते आणि एका गटाला दुसऱ्याची जाहिरात दाखवत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बजेट आणि प्रेक्षक जिथे ठरतात त्या एकाच अॅड सेटमध्ये दोन्ही जाहिराती टाकून "बघू कोण जिंकते" म्हणणे. ती चाचणी नव्हेच. तिथे यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकीला पसंत करते आणि बहुतेक पैसे तिच्याकडे वळवते. 1,000 रुपयांतले 850 एकीला आणि 150 दुसरीला, असे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या जाहिरातीला धड संधीच मिळाली नाही ती "हरली" म्हणून बाजूला पडते. आपले पैसे लवकर कामाला लावणे हा यंत्रणेचा हेतू असतो आणि रोजच्या वापरात तो योग्यही आहे, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून येत नाही.

मांडणी: आम्ही काय काय सारखे ठेवले

दोन्ही बाजूंना दिवसाला 1,100 रुपये. हा आकडा असा आला: मेटाची यंत्रणा एका अॅड सेटमध्ये आठवड्याला साधारण 50 अपेक्षित कृती झाल्या की शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडते. तोपर्यंत पडद्यावर `Learning` दिसते आणि खर्च वरखाली होतो. 50 ऑर्डरी गुणिले 150 रुपये भागिले सात दिवस, म्हणजे 1,070 च्या आसपास. दोन्ही बाजू मिळून दिवसाला 2,200, आणि 14 दिवसांचे 30,800. एका ऑर्डरीला 150 धरले तर त्यात 200 ऑर्डरी बसतात. म्हणजे आपला N आणि यंत्रणेची गरज, दोन्हींचा मेळ बसला. या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. तो 5,544 रुपये झाला. बजेट ठरवताना हा विसरला की दुसऱ्या आठवड्यात पैसे संपतात आणि चाचणी अर्धवट राहते.

बजेट प्रत्येक अॅड सेटला वेगळे दिले. `Advantage+ campaign budget` बंद ठेवले, कारण ते चालू असेल तर पैसे पुन्हा एकीकडून दुसरीकडे सरकतात.

दोन्हींखालचा मजकूर एकच, किंमत एकच, उघडणारे पान एकच. दोन्ही पोस्ट अगदी कोऱ्या. जुनी पोस्ट बूस्ट करून नव्या पोस्टसमोर उभी करू नका. जुनीखाली आधीच लाईक आणि "छान लागतात" असे अभिप्राय असतात, आणि बघणाऱ्यावर त्यांचाही परिणाम होतो.

जुन्या गिऱ्हाइकांची यादी दोन्हीकडून वगळली. ती माणसे जाहिरात नसती तरी ऑर्डर देणार होती.

दुव्यांना वेगळी खूण लावली, म्हणजे वेबसाइटच्या नोंदीतही कळेल कोण कुठून आले:

```
?utm_source=meta&utm_content=video
?utm_source=meta&utm_content=photo
```

ही खूण लावल्यावर दोन्ही दुव्यांवरून मी स्वतः एकेक ऑर्डर देऊन पाहिली. माझ्या आधीच्या एका चाचणीत फोटोच्या दुव्यात खूणच लागली नव्हती आणि आठवडाभराच्या ऑर्डरी कोणाच्या ते सांगता येईना. पूर्ण खर्च पाण्यात गेला. तेव्हापासून ही तपासणी मी कधी सोडत नाही.

सुरुवात सोमवार लागताना मध्यरात्री आणि शेवट दुसरा रविवार संपताना मध्यरात्री, नेमके दोन आठवडे. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी वेगळे वागतात. दहा दिवस चालवले असते तर वारांचे प्रमाण बिघडले असते. जाहिराती गुरुवारीच मंजुरीला पाठवल्या होत्या, कारण एक सकाळी मंजूर झाली आणि दुसरी संध्याकाळी, तर पहिलीला फुकटची आघाडी मिळते. चतुर्थी आणि दिवाळी दोन्ही लांब आहेत आणि 14 दिवस पुरेल इतका माल भरलेला आहे, हेही बघून घेतले.

रोज बघायचे असेल तर

आता ताईंच्या फोनकडे परत येऊ. रोज रात्री आकडे बघू नका असे सांगणे सोपे आहे. ज्यांच्या खिशातले पैसे जातात त्यांना ते जमत नाही, आणि मला ते सांगणे बरोबरही वाटत नाही. अडचण बघण्यात नाही. अडचण आहे ती बघून, सोयीचा दिवस सापडला की थांबण्यात.

शेवटी एकदाच बघणार असाल तर कसोटी साधी आहे. दोन्हींच्या ऑर्डरींतले अंतर घ्या, एकूण ऑर्डरींचे वर्गमूळ काढा. अंतर त्या वर्गमुळाच्या 1.96 पटीहून मोठे असेल, तर दोन्ही जाहिराती सारख्या असताना एवढे अंतर निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता वीसांतून एकाहून कमी. मागच्या 13–7 ला हे लावले तर अंतर 6, आणि 20 चे वर्गमूळ 4.5, म्हणजे जवळपास 9 चे अंतर लागले असते. सहात काहीच सिद्ध होत नाही.

पण हीच कसोटी रोज लावली तर बिघडते. दोन सारख्या जाहिरातींचे अंतर रोज थोडे इकडे, थोडे तिकडे डुलत असते. वाटेत दहा वेळा थांबून प्रत्येक वेळी ही कसोटी लावली, तर खोटा विजेता निघण्याची शक्यता 5 टक्क्यांवरून सुमारे 19 टक्क्यांवर जाते. तुम्ही एका लॉटरीची दहा तिकिटे काढलेली असतात.

रोज बघता यावे म्हणून कसोटी जरा कडक करायची. N आधी ठरलेला आहेच. A म्हणजे व्हिडिओच्या ऑर्डरी आणि B म्हणजे फोटोच्या धरल्या, तर नियम असा:

```
A आणि B मधले अंतर ≥ 2.25 × √N झाले  →  पुढे असलेली जिंकली
A + B = N झाले, अंतर तेवढे नाही       →  विजेता नाही, थांबा
```

लक्ष द्या, वर्गमूळ आजपर्यंतच्या ऑर्डरींचे नाही, आधी ठरवलेल्या N चे आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत रेषा एकच राहते. 200 चे वर्गमूळ 14.14, त्याच्या सव्वादोन पट 31.8, म्हणजे 32. ही रेषा इतकी लांब ठेवली आहे की दोन सारख्या जाहिरातींचे डुलणारे अंतर पूर्ण वाटेत कधीही तिला शिवण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आतच राहते. म्हणून दिवसातून दहा वेळा बघितले तरी चालते.

ताईंना मी एवढेच सांगितले: "ताई, वहीत रोज दोन आकडे लिहा आणि तिसरे त्यांतले अंतर. बत्तीस झाले की मला फोन करा." त्यांचे फोन थांबले. आता त्यांच्याकडे चाचणी कधी संपते याची खूण होती. गूगल शीटमध्ये ठेवायचे असेल तर `A2` मध्ये व्हिडिओच्या आणि `B2` मध्ये फोटोच्या एकूण ऑर्डरी घालून हे लिहा:

```
=ABS(A2-B2)>=2.25*SQRT(200)
```

`TRUE` आले की रेषा ओलांडली. फक्त एक अट: रेषा लवकर ओलांडली तरी चालू आठवडा पूर्ण करून मगच थांबावे, म्हणजे वारांचे प्रमाण बिघडत नाही.

वहीतले 14 दिवस

दुसऱ्या दिवशी रात्री व्हिडिओ 13, फोटो 7. पहिला रविवार संपला तेव्हा व्हिडिओ 43, फोटो 52. आघाडी फिरली होती, पण अंतर 9 च होते. फोटो हळूहळू पुढे गेला. दुसऱ्या शनिवारी रात्री ताईंचा फोन आला, या वेळी आवाज अगदी शांत होता: "दादा, ऐंशी आणि एकशे बारा." एकूण 192, अंतर 32. रेषेला बरोबर शिवले. ठरल्याप्रमाणे रविवार पूर्ण होऊ दिला आणि बंद केले: व्हिडिओ 84, फोटो 119.

बंद केल्यावरही सात दिवस थांबलो. आज जाहिरातीवर क्लिक करून चार दिवसांनी पैसे भरणारे लोक असतात, आणि मेटाही क्लिकनंतर सात दिवसांत आलेली ऑर्डर त्या जाहिरातीच्या खात्यात धरते. दोन्हीकडे चार-चार ऑर्डरी उशिरा आल्या. शेवटचा हिशेब: व्हिडिओ 88, फोटो 123. प्रत्येकी 15,400 रुपयांत व्हिडिओची ऑर्डर 175 रुपयांना पडली, फोटोची 125 ला.

निकाल मान्य करण्याआधी दोन तपासण्या केल्या. दोन्हींचा प्रत्यक्ष खर्च जुळतो का? रोजचा खर्च थोडा मागेपुढे होतो, पण 14 दिवसांची बेरीज जवळजवळ सारखी आली पाहिजे. दोन-तीन टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर नुसत्या ऑर्डरी मोजून चालत नाही. मग अशी तफावत का आली ते शोधावे लागते. बहुतेक वेळा एक जाहिरात मधेच पुन्हा तपासणीला अडकलेली असते. दुसरी तपासणी म्हणजे मेटाचे आकडे आणि ताईंच्या वहीतले पैसे आलेले आकडे ताडून पाहणे. ते थोडे वेगळे असतातच. पण वेगळेपण एकाच बाजूला जास्त असेल तर मोजणीत दोष आहे. आमच्या दोन्ही तपासण्या जुळल्या.

आता क्लिकची गोष्ट. व्हिडिओला 2,310 क्लिक मिळाले होते आणि फोटोला 1,790. क्लिक मोजले असते तर आम्ही व्हिडिओला मोठ्या आनंदाने विजेता ठरवले असते. कारण मला उघड दिसते: फोटोवर किंमत होती. ज्याला ती जास्त वाटली तो क्लिक न करताच पुढे गेला, आणि आला तो घ्यायच्या तयारीने आला. व्हिडिओवर किंमत नव्हती, म्हणून काजू फोडण्याचे कौतुक वाटणारे बरेच जण पानावर येऊन किंमत बघून परत गेले. हा माझा तर्क आहे, चाचणीने तो सिद्ध केलेला नाही, कारण दोन जाहिरातींत फक्त किमतीचा फरक नव्हता. तो तपासायचा असेल तर व्हिडिओवर किंमत टाकून नवी चाचणी घ्यावी लागेल.

या निकालातून काय म्हणता येते, काय नाही

फोटो जिंकला, हे म्हणता येते. तो व्हिडिओच्या 1.4 पट चांगला आहे, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. खरा फरक कोणत्या हद्दीत असेल ते असे काढा:

```
=EXP(LN(B2/A2)-1.96*SQRT(1/A2+1/B2))
=EXP(LN(B2/A2)+1.96*SQRT(1/A2+1/B2))
```

88 आणि 123 घालून उत्तरे येतात 1.06 आणि 1.84. म्हणजे फोटो जेमतेम 6 टक्क्यांनी सरस असू शकतो किंवा 84 टक्क्यांनीही. रेषा ओलांडली म्हणून थांबलेल्या चाचणीत विजेत्याचे आकडे जरा फुगलेलेच असतात, कारण नशिबाची साथ मिळाली तेव्हाच ती रेषा ओलांडली जाते. म्हणून पुढच्या महिन्याचे अंदाजपत्रक करताना मी एका ऑर्डरीचा खर्च 125 न धरता 140 धरायला सांगितले.

दुसरी मर्यादा जास्त खोल आहे. लोकांचे दोन गट चिठ्ठीने पडतात, पण प्रत्येक गटात जाहिरात नेमकी कोणाला दाखवायची ते यंत्रणाच ठरवते. व्हिडिओ ती व्हिडिओ बघणाऱ्यांना जास्त दाखवते, फोटो वेगळ्या लोकांना. आमच्याकडे व्हिडिओचा मोठा खर्च रील्सवर झाला आणि फोटोचा फीडवर. म्हणजे आपण "व्हिडिओ आणि त्याने शोधलेले लोक" विरुद्ध "फोटो आणि त्याने शोधलेले लोक" अशी तुलना केली. याच यंत्रणेवर पैसे कुठे लावायचे या प्रश्नाला हे उत्तर पुरते. पण यावरून "पुणेकरांना फोटोच आवडतो" असे म्हणून पुण्याच्या विमानतळ रस्त्यावर फोटोचा फलक लावायला निघालात, तर त्याला या चाचणीचा काहीही आधार नाही.

बरोबरी झाली तर

200 ऑर्डरी भरल्या आणि अंतर 32 च्या आत राहिले, असेही बरेचदा होते. तेव्हा "अजून आठवडाभर चालवू, फोटो पुढे जातोय" हा मोह आवरावा. N वाढवत गेलात तर रेषेचा हिशेबच मोडतो आणि आपण पुन्हा लॉटरीची तिकिटे काढू लागतो. बरोबरीचा अर्थ दोन्ही सारख्या आहेत असा नाही. अर्थ एवढाच की दीडपटीइतका मोठा फरक बहुधा नाही, आणि त्याहून लहान फरक शोधणे या बजेटात बसत नाही. मग जी बनवायला स्वस्त, जी वारंवार बदलता येईल, ती ठेवावी. फोटो असेल तर दर महिन्याला नवा काढता येतो. पावसात हात आणि काजू यांचे चित्रण पुन्हा करायला दोन दिवस जातात.

ताईंनी फोटो चालू ठेवला. व्हिडिओ टाकून दिला नाही, त्यावर किंमत घालून नवी प्रत तयार केली आहे. चतुर्थीची गर्दी आणि त्यानंतरची पुन्हा येणाऱ्या ऑर्डरींची लाट ओसरली की सोमवार लागताना मध्यरात्री ती याच फोटोसमोर उभी राहील. वहीचे नवीन पान त्यांनी आधीच आखले आहे: वर प्रश्न, त्याखाली N = 200, त्याखाली 32.